तिमाही निकालाचा सारांश: नफा ३० टक्के वर, महसूल १.३ टक्के वर. हे एका परिच्छेदात बसवायचं कसं?

टिपणवही

आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. दर तिमाहीला प्रत्येकाने एका कंपनीचं निकालाचं प्रसिद्धिपत्रक वाचून दीडशे शब्दांत सारांश लिहायचा, एवढाच कार्यक्रम. महसूल, नफा, गाइडन्स म्हणजे पुढच्या वर्षी महसूल किती वाढेल याचा कंपनीचा स्वतःचा अंदाज, आणि तिन्हींची आधीच्या वर्षाशी तुलना. सरावासाठी जुना निकाल घ्यायचा ठरलं, म्हणजे पुढे काय झालं ते नंतर पडताळून बघता येतं. माझ्या वाट्याला इन्फोसिसची मार्च २०२४ ची तिमाही आली. निकाल १८ एप्रिल २०२४ ला लागला होता.

रुपयातल्या पत्रकात आकडे असे आहेत. महसूल ३७,९२३ कोटी, आधीच्या वर्षी याच तिमाहीत ३७,४४१ कोटी, म्हणजे १.३ टक्के वाढ. निव्वळ नफा ७,९६९ कोटी, आधी ६,१२८ कोटी, म्हणजे ३० टक्के वाढ. पुढच्या वर्षाचं गाइडन्स १ ते ३ टक्के. आधीच्या वर्षी याच वेळी ते ४ ते ७ टक्के होतं.

आकडे बरोबर उतरवलेत, दोनदा तपासले. पण ओळीने लिहिले की परिच्छेद वेड्यासारखा वाचला जातो. विक्री जागच्या जागी, नफा उड्या मारतोय आणि कंपनी स्वतःच पुढचं वर्ष थंड जाईल म्हणतेय. वाचणाऱ्याने यातून काय घ्यायचं? तुम्ही लोक असा सारांश कसा लिहिता?

जमाखर्च

सोपं आहे. खर्च कमी केला असणार. त्या वर्षी सगळ्याच आयटी कंपन्यांनी भरती आवरली होती. विक्री तेवढीच आणि पगारावरचा खर्च कमी, की नफा वाढतो. "खर्चनियंत्रणामुळे नफ्यात ३० टक्के वाढ" असं लिहा आणि मोकळे व्हा.

तळटीप

जमाखर्च, खर्च आवरला असता तर ते मार्जिनमध्ये दिसलं असतं. त्याच पत्रकात पहिल्या पानावर ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे महसुलातला धंद्यातल्या नफ्याचा वाटा, २०.१ टक्के दिलंय आणि आधीच्या वर्षीपेक्षा ०.९ टक्के कमी, असंही तिथेच लिहिलंय. मार्जिन घटलं आणि नफा ३० टक्के वाढला, म्हणजे ही वाढ धंद्यातून आलेली नाही. कारण खालच्या ओळींमध्ये शोधायचं.

टिपणवही, पत्रकाच्या शेवटी नफातोट्याचा तक्ता असतो. तो वरून खाली एकेक ओळ वाचा आणि प्रत्येक ओळीशी दोन्ही वर्षं शेजारी ठेवा. ऑपरेटिंग नफा ७,६२१ कोटी, आधी ७,८७७ कोटी. म्हणजे इथपर्यंत नफा सव्वातीन टक्के घटलेला आहे. त्याच्या खालची ओळ इतर उत्पन्नाची. ती २,७२९ कोटी, आधी ६७१ कोटी. चौपट! सगळी गंमत या एका ओळीत आहे.

एखादी ओळ अशी अचानक फुगली की तिची टीप शोधायची. या ओळीची टीप सांगते की प्राप्तिकराचे जुने वाद कंपनीच्या बाजूने सुटले. निर्धारण वर्ष २००७-०८ पासून २०१८-१९ पर्यंतच्या बऱ्याच वर्षांचे आदेश एकत्र आले. परताव्यावरचं १,९३३ कोटींचं व्याज इतर उत्पन्नात धरलं गेलं. हे व्याज करपूर्व आहे. शिवाय आधी कराची तरतूद करून ठेवली होती, त्यातले ५२५ कोटी उलटवले.

यात लपवाछपवी काही नाही, कंपनीने सगळं छापलंय. फक्त ते मथळ्यात नाही, टिपेत आहे.

टिपणवही

हे मी वाचलंच नव्हतं. पत्रकाची पहिली दोन पानं वाचून थांबलो होतो. आता एक सांगा. नफ्याचा आकडा कोणता लिहू? ७,९६९ खोटा तर नाही.

जमाखर्च

बरं, खर्चाचं मागे घेतो. पण मग हिशेब अजूनच सोपा झाला. ७,९६९ मधून १,९३३ वजा करा. उरले ६,०३६ कोटी. आधीच्या वर्षी ६,१२८. म्हणजे दीड टक्का घट. लिहून टाका.

तळटीप

उत्तर जवळपास बरोबर आहे, पण रस्ता चुकलाय आणि त्यातली मजा बघण्यासारखी आहे.

७,९६९ हा कर भरून उरलेला नफा. १,९३३ ही कर भरण्याआधीची रक्कम. एकातून दुसरी थेट वजा करता येत नाही. त्या व्याजावरही कर लागणार. साधारण २५.१७ टक्के दर धरला तर ४८६ कोटी करात गेले आणि १,४४७ कोटी हाती राहिले. वजा करायचे ते हे १,४४७. पण ५२५ कोटींची तरतूद उलटली, तीही याच वादातून आलेली आणि तिने कराची ओळ हलकी केली. तीसुद्धा काढायला हवी. दोन्ही मिळून १,९७२ कोटी. ते काढल्यावर सुमारे ६,००० कोटी राहतात.

तुम्ही ४८६ कोटींचा कर विसरलात आणि ५२५ कोटींची तरतूदही विसरलात. दोन विसरण्यांनी एकमेकांना फेडलं, म्हणून फरक फक्त ३९ कोटींचा आला. पुढच्या कंपनीत असं होईलच असं नाही.

पडताळा हवा असेल तर कराच्या ओळीवर घ्या. करपूर्व नफा १०,२४० कोटी आणि कर २,२६५ कोटी, म्हणजे दर २२ टक्के पडला. आधीच्या वर्षी ८,४६६ कोटींवर २,३३२ कोटी, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. आता २,२६५ मध्ये ते ५२५ परत मिळवा, दर २७ च्या वर जातो. म्हणजे नेहमीच्या जागी येतो. कराचा दर एकाएकी पाच टक्क्यांनी खाली आला की समजायचं, काहीतरी जुनं निस्तरलंय.

लाभांशप्रेमी

त्या वेळी २० रुपये अंतिम आणि ८ रुपये विशेष असा मिळून २८ रुपये लाभांश जाहीर झाला होता, तो कोणी धरत नाही. माझ्याकडे शेअर होते, मला तो आला. नफा एकवेळचा असो नाहीतर रोजचा, पैसे खात्यात आले ना? प्रश्न एवढाच की असे शेअर ठेवावेत की विकावेत?

वैदेही_०७

लाभांशप्रेमी, धागा सारांश कसा लिहावा याचा आहे, काय विकत घ्यावं याचा नाही. पण लाभांशाची एक ओळ सारांशात हवी हे मान्य. आणि तुमच्या म्हणण्यात एक मुद्दा आहेच. व्याजाचे पैसे खरेच आहेत. एकवेळचं म्हणजे खोटं नव्हे. फक्त पुढच्या वर्षी पुन्हा येणार नाही.

सावकाश

माझा अनुभव थोडा वेगळा. मी ज्या कंपन्यांचे सारांश लिहितो त्यातली एक कारखानदारीतली आहे आणि गाइडन्स वगैरे काही देत नाही. तिथे मी "व्यवस्थापनाचा अंदाज" म्हणून अध्यक्षांच्या मनोगतातलं "मागणी उत्साहवर्धक राहील" हे वाक्य टाकत असे. नंतर बंद केलं. आकडा नसलेलं वाक्य गाइडन्सच्या जागी ठेवलं की वाचणारा त्याला गाइडन्सच समजतो. आता सरळ लिहितो, कंपनीने अंदाज दिलेला नाही.

इथे मात्र अंदाज आहे, तेव्हा टिपणवही यांचा खरा पेच तोच असावा असं मला वाटतं. आधी ४ ते ७, आता १ ते ३. "गाइडन्समध्ये कपात" असं लिहायचं का?

जमाखर्च

कपातच ती. आणि बघा, वर्षभराचा महसूल १,५३,६७० कोटी होता, आधीच्या वर्षापेक्षा ४.७ टक्के जास्त. ४.७ टक्क्यांनी वाढणारी कंपनी आता म्हणते १ ते ३ टक्के. वेग निम्म्याहून खाली. यात शंका कसली?

तळटीप

शंका चलनाची. ४.७ टक्के ही रुपयातली वाढ आहे आणि १ ते ३ टक्के हे गाइडन्स कॉन्स्टंट करन्सीमध्ये आहे. या दोन आकड्यांची गाठ घालूच नका.

हाताने करून बघा. इन्फोसिस तेच निकाल डॉलरमध्येही छापते. त्या वर्षीचा महसूल १८,५६२ दशलक्ष डॉलर, आधीच्या वर्षी १८,२१२ दशलक्ष. वाढ १.९ टक्के. आता रुपयांना डॉलरने भागा. आधीच्या वर्षी १,४६,७६७ कोटी होते, भागाकार येतो डॉलरला ८०.६ रुपये. त्या वर्षी येतो ८२.८. म्हणजे रुपया पावणेतीन टक्के घसरला आणि तेवढी वाढ फुकटात दिसली. ४.७ मधला मोठा वाटा विनिमय दराचा आहे, कामाचा नाही.

डॉलरमधली १.९ टक्केही पूर्ण खरी नाही, कारण युरो, पौंड अशा चलनांतलं बिलिंगही डॉलरमध्ये बदलून येतं. ते दर आधीच्या वर्षीचेच राहिले असते तर वाढ किती झाली असती, ते म्हणजे कॉन्स्टंट करन्सी. तो आकडा १.४ टक्के. तिमाहीपुरतं बघितलं तर रुपयात १.३ टक्के वाढ दिसते आणि कॉन्स्टंट करन्सीमध्ये शून्य. टिपणवही, तुमच्या पहिल्या वाक्यातला महसूल प्रत्यक्षात अजिबात वाढलेला नव्हता.

टिपणवही

म्हणजे एकाच वर्षाची वाढ ४.७, १.९ आणि १.४, आणि तिन्ही बरोबर!

तळटीप

तिन्ही बरोबर. पण गाइडन्सच्या शेजारी बसायचा हक्क फक्त १.४ ला.

आता "कपात" या शब्दाकडे. ४ ते ७ हा एप्रिल २०२३ चा अंदाज, आर्थिक वर्ष २४ साठीचा. १ ते ३ हा एप्रिल २०२४ चा, आर्थिक वर्ष २५ साठीचा. वर्षंच वेगळी. चालू वर्षाचा अंदाज मध्येच खाली आणला तर ती कपात, आणि ती आधीच होऊन गेली होती. जुलै २०२३ मध्ये ४ ते ७ चं १ ते ३.५ झालं, ऑक्टोबरमध्ये १ ते २.५ आणि जानेवारीत १.५ ते २. प्रत्यक्षात आले १.४. शेवटच्या पट्ट्याच्या खालच्या टोकापर्यंतही पोचले नाहीत.

त्यामुळे नव्या वर्षाच्या १ ते ३ ची तुलना आधी १.४ शी करायची. मध्य २ टक्के, म्हणजे कंपनी जवळपास तोच वेग किंवा किंचित जास्त सांगत होती. "वेग निम्म्यावर" हे चित्र अगदी उलटं. मागच्या वर्षीची सुरुवात ४ ते ७ ने झाली होती, हे अर्ध्या वाक्यात लिहा. त्यातून कंपनी आधीपेक्षा सावध बोलतेय हे कळतं, आणि तेवढंच त्यातून कळतं.

वैदेही_०७

सहमत, पण मी जुलै, ऑक्टोबर, जानेवारी या पायऱ्या दीडशे शब्दांत घालणार नाही. "४ ते ७ ने सुरुवात, शेवट १.४ वर" एवढं पुरे.

टिपणवही

मसुदा करून टाकतोय, ठोकून काढा.

"मार्च २०२४ च्या तिमाहीत इन्फोसिसचा महसूल ३७,९२३ कोटी रुपये झाला. आधीच्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा तो रुपयात १.३ टक्के जास्त आहे, मात्र विनिमय दराचा परिणाम वगळता वाढ शून्य आहे. निव्वळ नफा ३० टक्के वाढून ७,९६९ कोटी झाला. यात प्राप्तिकराच्या जुन्या वादांतून मिळालेलं १,९३३ कोटींचं करपूर्व व्याज आणि ५२५ कोटींची उलटवलेली करतरतूद आहे. ही दोन्ही वगळल्यास नफा सुमारे ६,००० कोटी, म्हणजे आधीच्या ६,१२८ कोटींपेक्षा थोडा कमी. ऑपरेटिंग नफा ७,८७७ वरून ७,६२१ कोटींवर आला, मार्जिन २१ वरून २०.१ टक्के. पूर्ण वर्षात महसूल कॉन्स्टंट करन्सीमध्ये १.४ टक्के वाढला. वर्षाच्या सुरुवातीचा अंदाज ४ ते ७ टक्के होता. पुढच्या वर्षासाठी १ ते ३ टक्के वाढ आणि २० ते २२ टक्के मार्जिनचा अंदाज आहे. लाभांश विशेषसह २८ रुपये."

वैदेही_०७

चांगलं झालंय. माझी एक हरकत. "सुमारे ६,००० कोटी" हा आकडा पत्रकात कुठेच नाही. तळटीप यांनी कराचा दर स्वतः धरून काढलाय. सारांश पत्रकाचा असेल तर आपला आकडा कंपनीच्या आकड्यांच्या रांगेत उभा करू नये. एकतर "आमच्या हिशेबाने" असं स्पष्ट लिहा, नाहीतर काढा. ऑपरेटिंग नफ्याची ओळ आहेच की, ती कंपनीनेच छापलेली आहे आणि तेच सांगते.

तळटीप

मी ठेवीन, "आमच्या हिशेबाने" लावून. वाचणारा ३० टक्के वाचतो, मग टीप वाचतो आणि त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो "मग खरं किती" हा. ते उत्तर त्याच्यावर सोडलं की तो जमाखर्च यांच्यासारखी थेट वजाबाकी करतो.

जमाखर्च

जी बरोबर आली होती!

सावकाश

माझा मुद्दा वेगळा आहे. चांगली एकवेळची गोष्ट आपण काढली, वाईट का ठेवली? त्या तिमाहीत एका वित्तीय क्षेत्रातल्या ग्राहकाचं कंत्राट नव्याने ठरवलं गेलं आणि महसुलाला एकदाच साधारण एक टक्क्याचा फटका बसला. हे कॉन्कॉलमध्ये, म्हणजे निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते तिथे, सांगितलं होतं. एक टक्का म्हणजे सुमारे ३८० कोटी. लोक तेच होते, पगार तेच होते. समजा त्यातला खर्च काहीच वाचला नाही, तर ते ३८० कोटी पूर्णच्या पूर्ण ऑपरेटिंग नफ्यातून गेले. परत मिळवले तर ७,६२१ चे ८,००० होतात, आधीच्या ७,८७७ पेक्षा जास्त. मग "ऑपरेटिंग नफा घटला" हे तरी निखळ राहिलं का?

तळटीप

प्रश्न रास्त आहे. फरक मला असा दिसतो. कराच्या व्याजाचा धंद्याशी संबंध नाही, ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वादांचं फळ आहे. कंत्राट नव्याने ठरणं हे धंद्यातच होतं, फक्त त्या तिमाहीत मोठं झालं. अशा गोष्टी काढायला लागलो तर दर तिमाहीला काहीतरी काढण्यासारखं सापडेल, आणि बहुतेक वेळा वाईटच सापडेल.

सावकाश

पटलं अर्धंच. कंपनीने स्वतः एकवेळचं म्हटलंय.

वैदेही_०७

कंपन्या वाईट गोष्टींना एकवेळच्या म्हणायला फार तत्पर असतात, चांगल्या गोष्टींना तेवढ्या नाही. तरी एक करता येईल. आकडा न काढता फक्त उल्लेख करायचा: "एका कंत्राटाच्या फेरबोलणीचा सुमारे एक टक्का परिणाम महसुलात आहे." पण मग सारांश पत्रकाचा राहत नाही, पत्रक आणि कॉन्कॉल दोन्हींचा होतो. ते गटाने आधी ठरवलेलं बरं.

टिपणवही

गटात विचारतो. तोवर पुढे काय झालं ते बघायला मार्च २०२५ च्या तिमाहीचं पत्रक उघडलं. महसूल ४०,९२५ कोटी, ७.९ टक्के वाढ. मार्जिन २०.१ वरून २१ टक्के. आणि निव्वळ नफा ७,०३३ कोटी, ११.७ टक्के घट! क्षणभर गोंधळलो, मग लक्षात आलं की ही घट त्याच ७,९६९ च्या तुलनेत आहे.

तळटीप

तेच. एकवेळची रक्कम दोनदा त्रास देते. ती येते त्या वर्षी वाढ फुगवते आणि पुढच्या वर्षी तुलनेच्या पायात बसून घट दाखवते. विक्री वाढली, मार्जिन वाढलं आणि मथळा नफा घसरल्याचा. सुमारे ६,००० शी तुलना केली तर ७,०३३ ही १७ टक्के वाढ आहे. म्हणून मी तो आकडा ठेवा म्हणत होतो. पुढच्या वर्षी सारांश लिहिणाऱ्याला तो तयार मिळतो.

वैदेही_०७

वहीत ठेवा की. सारांशात कशाला?

जमाखर्च

आणि गाइडन्सचं काय झालं? १ ते ३ म्हणाले होते ना?

टिपणवही

वर्षअखेर कॉन्स्टंट करन्सीमध्ये ४.२ टक्के. पण मध्ये अंदाज वाढवत वाढवत जानेवारी २०२५ मध्ये ४.५ ते ५ केला होता, त्याच्या खालीच राहिले. एप्रिल २०२४ च्या अंदाजाशी तुलना केली तर दणदणीत, जानेवारीच्या अंदाजाशी केली तर हुकलं. पुढच्या वर्षाला ० ते ३. यातली कोणती तुलना सारांशात घालू?

सावकाश

दोन्ही. एका वाक्यात बसतं.

लाभांशप्रेमी

म्हणजे विकायचे होते की नव्हते?